बुटातल्या चिखल्या: पावसाळ्यात बंद बूट घालणाऱ्यांसाठी

बडोद्यात जूनच्या शेवटी पाऊस धरला की साधारण दोन-तीन आठवड्यांत पायाच्या करंगळीशेजारची जागा खाजू लागते. बोटं फाकवून पाहावं तर बेचक्यातली कातडी पांढरीफटक, फुगलेली आणि ओली दिसते. बोटाने जरा घासली की पापुद्रा निघतो आणि खाली लालसर, चुरचुरणारी चीर असते. मराठीत याला चिखल्या म्हणतात. घोळ असा की या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोडतात, आणि दोन्हींचा उपाय एक नाही.

पहिली म्हणजे नुसती पाण्याने कुजलेली कातडी. भांडी घासून हाताची बोटं सुरकुततात तसंच हे असतं, फक्त बुटात कोंडल्यामुळे जास्त टिकतं. दुसरी म्हणजे बुरशी, म्हणजे गजकर्ण ज्या जातीच्या बुरशीने होतं तीच पायावर. ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर, केराटिनवर जगते. पाण्याने तो थर मऊ झाला की तिचं काम सोपं होतं. पहिलीतूनच दुसरी सुरू होते म्हणूनच पावसाळ्यात ही तक्रार वाढते.

दोन्हींतला फरक घरी ओळखायचा सोपा मार्ग आहे. शनिवारी संध्याकाळी बूट काढल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत पाय पूर्ण कोरडे ठेवा, फक्त उघडी चप्पल घाला आणि काहीही लावू नका. नुसती कुजलेली कातडी असेल तर तेवढ्यात पांढरेपणा जातो आणि खाजही उरत नाही. बुरशी असेल तर पांढरेपणा कमी होतो, पण खाज राहते, कडेने बारीक कोंड्यासारखे पापुद्रे दिसतात आणि चीर भरत नाही. शंका असेल तर तळव्याच्या कडा आणि टाचाही पाहा. तिथे पिठाची भुकटी पसरल्यासारखा कोरडा कोंडा असेल तर बुरशीच धरा.

करंगळीचंच बेचकं का? पायाची चौथी आणि पाचवी बोटं जवळजवळ चिकटलेली असतात, मध्ये हवा खेळत नाही. त्यात बुटाचा पुढचा भाग निमुळता असला की ती आणखी दाबली जातात. सेफ्टी शूजमध्ये तर पुढे पोलादी टोपी असते, जी सैल होत नाही आणि श्वासही घेत नाही. सुरुवात जवळपास नेहमी इथेच होते, मग तिसऱ्या बेचक्याकडे सरकते. अंगठ्याच्या बेचक्यातच पहिल्यांदा आणि फक्त तिथेच काही झालं असेल तर चपलेचा पट्टा किंवा नवीन बुटाची ॲलर्जी आधी तपासावी.

आधी काय लावू नये ते

मेडिकलच्या दुकानात जाऊन "पायाला खाज येते, काहीतरी द्या" म्हटलं, किंवा गुजरातीत नुसतं "धाधर" म्हटलं, की पुष्कळदा एक मिश्र ट्यूब हातात येते. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि सोबत स्टेरॉइडही असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. ते शरीराची लढाई बंद करतं, बुरशी मात्र शांतपणे पसरत राहते. ट्यूब संपली की आठवड्याभरात खाज दुप्पट जोराने परतते, तेव्हा कातडी पातळ झालेली असते आणि डाग इतका बदललेला असतो की डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. हा प्रकार सध्या भारतात बुरशी हट्टी होण्यामागच्या कारणांपैकी एक आहे.

म्हणून ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही दिसलं तर परत द्या. नावांची यादी जितकी लांब तितकी ट्यूब वाईट, असा साधा अंदाज ठेवला तरी चालेल. तुम्हाला हवं ते एकाच औषधाचं मलम: टर्बिनाफिन १ टक्का किंवा क्लोट्रिमाझोल १ टक्का.

घरगुती उपायांबद्दल थोडं. मेंदी लावायची जुनी पद्धत आहे. मेंदीने कातडी थोडी सुकते हे खरं, पण रंगाखाली लाली वाढते आहे की कमी होते आहे हे दिसेनासं होतं. खोबरेल तेल ओल्या बेचक्यात ओल कोंडतं. न मिसळलेलं डेटॉल किंवा लिंबू चिरेवर लावल्याने भाजल्यासारखी जखम होते आणि नंतर औषध लावणंही सहन होत नाही. हळदीने तर काय होतं हे विचारण्याआधी मोज्यांचं काय होतं ते पाहावं.

पहिले दोन-तीन दिवस: फक्त सुकवणं

बेचकं ओलं, पांढरं आणि पाणी सुटलेलं असेल तर त्यावर लगेच मलम थापल्याने विशेष काही साधत नाही. मलम त्या ओल्या थरावर तरंगतं, आणि त्याचा स्निग्धपणा ओल आणखी धरून ठेवतो. कातडी आधी सुकवावी लागते.

पाय रोज संध्याकाळी कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा, बोटांमध्ये फेस राहू देऊ नका. मग पुसताना पंचा किंवा जुन्या सुती धोतराचा तुकडा घ्या. टर्किश टॉवेलची जाडी करंगळीच्या बेचक्यात शिरतच नाही. तुकड्याची दोन टोकं धरून बेचक्यात घाला आणि घासू नका, नुसतं दाबून टिपा. त्यानंतर पंख्याखाली दहा मिनिटं बोटं फाकवून बसा. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवरच, कारण गरम हवेने सुजलेली कातडी तडकते.

पाणी जास्त सुटत असेल, तर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडवणं हा जुना आणि चांगला उपाय आहे, पण इथेच लोक चुकतात. खडे थेट तसराळ्यात टाकतात, एखादा न विरघळलेला खडा बोटाला चिकटतो आणि कातडी जळते. त्याऐवजी एका वेगळ्या ग्लासात चार-दोन बारीक कण पूर्ण विरघळवा आणि ते गडद पाणी थोडं थोडं करून तसराळ्यातल्या पाण्यात ओता. रंग फिका गुलाबी, गुलाबाच्या सरबतात बरंच जास्त पाणी पडल्यासारखा, झाला की थांबा. जांभळा दिसला तर ते कडक आहे, पाणी वाढवा. दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा, फार तर तीन दिवस. पाणी तपकिरी झालं म्हणजे त्याचा गुण संपला, ते ओतून द्या. नखं काही दिवस तपकिरी दिसतील. नखांवर आधी व्हॅसलीन लावलं तर कमी रंगतात. हे खडे पोटात गेले तर घातक ठरतात, म्हणून पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. खडे मिळाले नाहीत तर हा टप्पा सोडून द्या, नुसतं धुऊन सुकवणंही बरंच काम करतं.

रात्री झोपताना बेचक्यात गॉझची बोटभर रुंद, दुमडलेली पट्टी घालून ठेवा. कापूस नको, त्याचे तंतू चिरेत चिकटतात. मधुमेह असलेल्यांनी पाय बुडवून ठेवायचा प्रकारच करू नये. पाण्याचं तापमान आणि तिखटपणा दोन्ही त्यांच्या पायाला कळत नाहीत.

मलम किती, कुठे आणि किती दिवस

पाणी सुटणं थांबलं की मलम. टर्बिनाफिन असेल तर सकाळ-संध्याकाळ सात दिवस. क्लोट्रिमाझोल असेल तर दिवसातून दोनदा, चार आठवडे. दोन्ही कामं करतात. दुसरं स्वस्त असलं तरी चार आठवडे नेमाने लावणारे फार थोडे, म्हणून बुटाची नोकरी असलेल्याने पहिलं घ्यावं असं आमचं मत.

एका पायाला वाटाण्याएवढं मलम पुरतं, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. दोन पाय, दोन वेळा, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम आणि सात दिवसांचे सात ग्रॅम. दहा ग्रॅमची एक ट्यूब उरून पुरते. क्लोट्रिमाझोलचे चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, तेव्हा पंधरा ग्रॅमच्या दोन ट्यूब आधीच घेऊन ठेवा, कारण पहिली संपली की खाज गेलेली असते आणि दुसरी आणायला कोणी जात नाही.

लावताना फक्त दिसणाऱ्या चिरेवर लावू नका. पायाची चारही बेचकी घ्या आणि डागाच्या कडेबाहेर बोटभर अंतरापर्यंत पसरा, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. दुखणं एकाच पायाला असलं तरी दोन्ही पायांना लावा. बोट फिरवून मलम जिरवायचं. पांढरा थर दिसत राहिला तर जास्त झालं आहे. लावल्यावर हात साबणाने धुवा, नाहीतर तीच बुरशी मग हातावर किंवा जांघेत सापडते. जांघेबद्दलच एक सवय: कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी. उलट केलं तर चड्डी पायातून वर सरकताना बोटांमधली बुरशी थेट जांघेत नेते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाज बरीच उतरते. इथेच बहुतेकजण थांबतात आणि ऑगस्टमध्ये पुन्हा दुकानात येतात. बुरशी तेव्हा फक्त पातळ झालेली असते. उलट, सात दिवस संपल्यावर थोडे पापुद्रे आणि लाली उरली तर घाबरून पुढची ट्यूब उघडू नका. टर्बिनाफिन कातडीत त्यानंतरही काही दिवस टिकतं आणि कातडी भरायला वेळ घेते. निकाल दोन आठवड्यांनी पाहावा.

दांडिया बाजार ते मकरपुरा: एक आठवडा

समजा, दांडिया बाजारात राहणारा कामगार मकरपुरा जीआयडीसीत पहिल्या पाळीला जातो. सात ते साडेतीन. सेफ्टी शूज सक्तीचे, कंपनी एकच जोड देते, आणि स्कूटरवरून जाताना पावसात पाय भिजतातच. रस्त्यात पाणी तुंबलेलं असेल तर घोट्यापर्यंतही. त्याचे पाय भिजतात सव्वासहाला आणि बूट निघतात चार वाजता. म्हणजे जवळजवळ दहा तास करंगळीचं बेचकं ओल्या, गरम पेटीत बंद असतं. मलम त्याने कितीही नेमाने लावलं तरी हे दहा तास तसेच राहिले तर पुढच्या पंधरवड्यात दुखणं पुन्हा सुरू होईल.

त्याच्यासाठी सर्वात मोठा बदल म्हणजे बूट घालून घराबाहेर न पडणं. रबरी चपलेवर किंवा प्लास्टिकच्या सँडलवर जायचं, बूट पिशवीत बांधून. कंपनीच्या लॉकरपाशी पाय पंच्याने टिपायचे, पाचेक मिनिटं उघडे ठेवायचे, मग कोरडे मोजे आणि बूट. परततानाही हाच क्रम उलटा. ज्या विभागात लॉकर नाही तिथे गेटवरच्या बाकड्यावरही हे जमतं. लाज वाटेल ती पहिले दोन दिवस.

दुसरा बदल जेवणाच्या सुट्टीतला. डब्याबरोबर झिपलॉक पिशवीत एक कोरडा मोज्यांचा जोड न्यायचा. साडेअकराला हात धुतल्यावर आधीचे मोजे काढा, पाय टिपा, नवे घाला. ओले मोजे त्या पिशवीत टाका आणि घरी गेल्यावर लगेच बाहेर काढा, नाहीतर रात्रभरात पिशवीतच बुरशीची सोय होते. या दुपारच्या बदलासाठी त्याला आठवड्याला किमान आठ-दहा जोड लागतील. शंभर टक्के सुती मोजा घाम पितो पण धरूनही ठेवतो. पातळ, सुती-सिंथेटिक मिश्र विणीचा मोजा लवकर सुकतो. जाड खेळाचे मोजे सेफ्टी शूजमध्ये बोटं आणखी दाबतात, ते टाळा.

तिसरा बदल बुटाचा. दुसरा जोड मिळत नसेल तर निदान आतले तळ बदलता येतात. बुटातला घाम बहुतांशी तळात, म्हणजे आतल्या सुट्या इनसोलमध्ये साठतो. बाजारातून त्याच मापाचे दोन जोड घ्या आणि एक दिवसाआड वापरा. काढलेला तळ उभा करून पंख्यासमोर ठेवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला, कारण पहिला बोळा लवकर भिजतो आणि मग तोच ओल धरून बसतो. बूट गॅसपाशी किंवा इस्त्रीच्या उष्णतेत सुकवू नका, तळाचा डिंक सुटतो. दुसरा जोड असेल तर फार उत्तम: एका दिवशी घातलेला बूट दुसऱ्या दिवशी सुटीवर.

क्लोट्रिमाझोलची पावडर रात्री सुकलेल्या बुटात आणि सकाळी मोज्यात चिमूटभर टाकावी. ओल्या बेचक्यात थेट ओतली की तिचा चिखल होतो आणि चीर वाढते. पावडर पुन्हा होऊ नये म्हणून आहे. झालेलं बरं करणं मलमाचं काम.

मोजे धुताना साध्या थंड पाण्यातून बुरशी निघत नाही, तिला साठ अंशांच्या आसपास उष्णता लागते. घरी थर्मामीटर नसतो, म्हणून हिशेब असा: दोन भाग उकळतं पाणी, एक भाग नळाचं, साबण घालून बादली झाका आणि मोजे उलटे करून अर्धा तास बुडवा. मग नेहमीसारखे धुवा. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. इलास्टिक जरा लवकर सैल होईल, ते सोसायचं. पायपुसणंही याच पाण्यातून काढा आणि त्या आठवड्यात बाथरूमच्या चपला घरात वाटून घेऊ नका.

दोन आठवड्यांनी फरक नसेल तर

आणखी एक ट्यूब हा त्याचा उपाय नाही. तीन शक्यता असतात. एक, बेचक्यात बुरशीबरोबर जंतूही शिरलेत. मग वास येतो, पिवळट किंवा हिरवट ओल दिसते आणि खाजेपेक्षा दुखणं जास्त असतं. दोन, मुळात बुरशी नव्हतीच, एरिथ्राझ्मा नावाचा जंतुसंसर्ग होता. तो अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांच्या वूड नावाच्या अतिनील दिव्याखाली पोवळ्यासारखा लालसर चमकतो आणि त्याचं औषधच वेगळं. तीन, बुरशी औषधाला दाद देत नाही, हे आता भारतात होतं.

चौथ्या बेचक्यात दोन हाडं घासून मऊ घट्टा झाला तरी तो असाच पांढरा, ओला दिसतो. दाबल्यावर एकाच बिंदूत टोचल्यासारखं दुखलं तर तो घट्टा आहे, आणि त्याला मलम नाही, रुंद बूट हवा.

हे सगळं वेगळं करायला पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरवडीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की कातडी विरघळते आणि बुरशीचे धागे दिसतात. तपासणी छोटी आहे. सयाजी रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणच्या चर्मरोग विभागातही होते. जाण्याआधी दोन आठवडे मलम बंद ठेवा, नाहीतर धागे दिसत नाहीत. जाताना आधीच्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, सोबत न्या. बुरशीच्या गोळ्या दुकानातून स्वतः घेऊ नका, कारण काही गोळ्या इतर औषधांशी जुळत नाहीत आणि काही यकृत तपासूनच देतात.

काही खुणा मात्र दोन आठवडे थांबू देत नाहीत. बेचक्यातली लाली पायाच्या पाठीवर चढली, तिथे गरम आणि सुजलेलं लागलं, लाल रेघ वर जाताना दिसली, जांघेत गाठ दुखली किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर. चिखल्यांच्या चिरेतून जंतू आत शिरून पाय सुजणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहा, म्हणजे ती किती सरकली हे डॉक्टरांना सांगता येतं. मधुमेह असलेल्याने, किंवा पायात बधिरपणा असलेल्याने, चीर दिसताच जावं, दुखण्याची वाट पाहू नये.

विश्वामित्रीचं पाणी वस्तीत शिरतं तेव्हा उघड्या चिरेनिशी त्यातून चालणं वेगळा धोका आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असल्याच चिरांतून आत जातात. गमबूट नसतील तर बाहेर पडल्यावर लगेच साबणाने पाय धुवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं किंवा डोळे लाल झाले तर पुराच्या पाण्यात गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि बेचकं बरं झाल्यावर एकदा नखं पाहा. करंगळीचं किंवा अंगठ्याचं नख जाड, पिवळट आणि टोकाशी भुसभुशीत झालं असेल तर बुरशी तिथे बसली आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात ती तिथूनच परत बेचक्यात उतरेल. नखाला मलम पुरत नाही, तो उपचार महिन्यांचा असतो. तेव्हा ते नख ऑक्टोबरात, बूट सुकलेले असतानाच, डॉक्टरांना दाखवा.